भाताच्या जमिनीवर भाजीचा वाफा: चिकण माती, वाळू, खत आणि उंचवट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग, पेण, मुरूड भागात आता बरीच घरं जुन्या भातशेतीच्या जागेवर उभी राहिली आहेत. घर झालं की मागच्या बाजूला चार भाज्या लावायची हौस येते, आणि पहिल्याच पावसाळ्यात मिरची-वांग्याची रोपं पिवळी पडून बसतात. आमच्या घरामागे 10 बाय 4 फुटांचा वाफा आहे. तो नीट व्हायला तीन वर्षं लागली. या काळात शेजारीपाजारी आणि नातेवाइकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कातळावरच्या किंवा जांभ्याच्या लाल मातीला यातलं फारसं लागू नाही. तिथे पाणी टिकत नाही ही अडचण असते, इथे नेमकी उलटी.

माझी माती खरंच चिकण आहे, हे कसं ओळखायचं?

मूठभर ओली माती घ्या, त्यातले खडे आणि मुळं काढा आणि कणकेसारखी मळा. मग अंगठा आणि बोट यांच्यात दाबत तिची पट्टी पुढे सरकवा. पट्टी इंचभरात तुटली तर माती बरी आहे. दोन इंच किंवा त्याहून लांब झाली आणि तुटली नाही, तर ती भारी चिकण माती समजा. आमच्याकडची पट्टी अडीच इंच लोंबत राहायची, आणि हाताला साबणासारखा गुळगुळीतपणा लागायचा.

पण चिकणपणापेक्षा पाणी किती वेळ उभं राहतं, हे जास्त महत्त्वाचं आहे. एक फूट खोल आणि एक फूट रुंद खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळेला किती उतरतं ते मोजा. तासाला अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर पावसाळ्यात तिथे भाजीची मुळं गुदमरणार. ही तपासणी नोव्हेंबरात करा. मे महिन्यात जमिनीला भेगा असतात, पाणी भेगांतून भराभर निघून जातं आणि माणूस फसतो. आमच्या खड्ड्यात चार तासांत जेमतेम दोन बोटं पाणी उतरलं होतं.

खणताना मातीचा रंगही बघा. फूटभर खाली राखाडी-निळसर माती आणि तिच्यात गंजासारख्या तांबूस रेषा दिसल्या, तर तिथे दरवर्षी महिनोन्‌महिने पाणी साचतं असं समजावं.

भात इतका छान यायचा, मग भाजी का येत नाही?

भात छान यायचा, कारण ही जमीन मुद्दाम पाणी धरून ठेवणारी केली होती. आधीच्या पिढ्यांनी वर्षानुवर्षं चिखलणी केली. चिखलणीत मातीचे रवे मोडतात, बारीक कण पाण्यात मोकळे होतात आणि खाली बसून भोकं बुजवतात. नांगराच्या आणि बैलांच्या दाबाने सहा ते आठ इंचांवर एक घट्ट थर तयार होतो. पहार मारली की तिथे आवाज बदलतो, हाताला कळतो. भाताला हा थर हवाच असतो, कारण त्याशिवाय खाचरात पाणी उभं राहणार नाही. भाताच्या मुळांपर्यंत हवा रोपाच्या आतूनच पोचते. मिरची-वांग्याला ती सोय नाही, त्यांच्या मुळांना हवा मातीतूनच मिळावी लागते.

म्हणजे जमीन खराब नाही. तिला एका कामासाठी तयार केलं आहे आणि आपण तिच्याकडून उलटं काम मागतो आहोत. पुढची सगळी उत्तरं इथूनच निघतात: मोडलेले रवे पुन्हा जमवायचे, तो थर ठिकठिकाणी फोडायचा, आणि तरीही जे पाणी उभं राहील त्याच्या वर मुळं उचलून धरायची.

वाळू टाकली की माती मोकळी होते ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चूकही इथेच होते. मीही केली. पहिल्या वर्षी घराच्या कामातून उरलेली आठ घमेली वाळू वाफ्यावर पसरली आणि कुदळीने मिसळली. त्या उन्हाळ्यात वाफा आधीपेक्षा कडक झाला. ढेकळं फोडायला हातोडी घ्यावी लागली, आणि फुटलेल्या ढेकळाच्या आत वाळूचे कण गाऱ्यात बसवल्यासारखे दिसत होते.

कारण सोपं आहे. थोडी वाळू म्हणजे शिऱ्यातले बेदाणे. बेदाणे घातल्याने शिरा मोकळा होत नाही, कारण प्रत्येक बेदाण्याभोवती शिराच असतो. वाळूचे कण एकमेकांना टेकायला लागले, तरच त्यांच्यामधून पाण्याला आणि हवेला वाट मिळते. त्यासाठी वाळू मातीच्या बरोबरीने तरी हवी.

आता हिशोब करा. 10 बाय 4 फुटांचा वाफा नऊ इंच खोल धरला तर 30 घनफूट माती होते. तेवढीच वाळू म्हणजे 30 घनफूट, जवळजवळ एक तृतीयांश ब्रास. एका घमेल्यात साधारण 13 लिटर मावतात, म्हणजे 65 घमेली. मी टाकली होती आठ. इतकी वाळू परसातल्या वाफ्यासाठी विकत आणणं आणि खोल मिसळणं परवडत नाही, आणि ती टाकूनही खालचा थर तसाच राहतो.

मग वाळूचा काहीच उपयोग नाही?

आहे, पण थोड्या जागेत. दुसऱ्या वर्षी पुन्हा आठच घमेली वाळू वापरली, फक्त सगळ्या वाफ्यात न पसरता उंचवट्याच्या माथ्यावरच्या पट्ट्यात घातली. आठ घमेली वाळू, आठ घमेली चाळलेली माती आणि आठ घमेली कुजलेलं शेणखत एकत्र केलं. माथ्यावर दीड फूट रुंद आणि सहा-सात इंच जाड थर झाला. इथे वाळू मातीच्या बरोबरीने होती, म्हणून ती खरोखर वाळूसारखी वागली. बी इथेच उगवतं, रोपाची मान इथेच असते आणि मर रोगही मानेपाशीच धरतो. तेवढी जागा पावसानंतर लवकर कोरडी होणं सगळ्यात मोलाचं.

वाळूचा थर आणि खालची माती यांच्यात स्पष्ट रेघ ठेवू नका. कुदळीने दोन-तीन इंच एकमेकांत मिसळून घ्या, नाहीतर मुळं त्या रेघेपाशी अडतात.

समुद्र जवळ आहे, किनाऱ्यावरची वाळू आणली तर?

नको. किनारपट्टीच्या नियमांनुसार तिथली वाळू उपसायला बंदी आहे, ही एक बाजू. शेतीच्या बाजूनेही ती चालत नाही: कण बारीक असतात, मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ पावसात धुऊन जाईल, पण कण जाड होणार नाहीत. खाडीच्या रेतीचीही तीच गत.

बांधकामासाठी मिळणारी जाड, धुतलेली दगडाची कृत्रिम वाळू चालते. न धुतलेल्या वाळूत दगडाची भुकटी असते आणि ती भोकं बुजवते. मूठभर वाळू पेल्यात घालून पाणी ओता आणि ढवळा. अर्ध्या मिनिटाने पाणी दुधासारखं गढूळच राहिलं, तर ती धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

खताने नेमकं काय होतं? किती घालायचं?

चिकण मातीचे कण इतके बारीक असतात की त्यांना मोकळं करण्याचा मार्ग त्यांना वेगळं करण्यात नाही, तर एकत्र बांधण्यात आहे. कुजलेल्या खतावर जगणारे जीवाणू चिकट द्रव सोडतात, बुरशीचे धागे कणांना गुंडाळतात, गांडुळांची विष्ठा गोळ्यागोळ्यांनी पडते. त्यातून माती पुन्हा रवाळ होते. रव्यांच्या मधून पाणी निघून जातं आणि रव्यांच्या आत ओल राहते. चिखलणीने जे मोडलं ते हे काम पुन्हा जोडतं. वाळूला हे जमत नाही.

पहिल्या वर्षी वाफ्यावर दोन इंच जाड थर बसेल एवढं खत हवं. आपल्या 40 चौरस फुटांना सुमारे 15 घमेली होतात. माथ्याच्या पट्ट्याची आठ घमेली वेगळी.

शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या. मुठीत दाबल्यावर शेणाचा वास न येता पावसात भिजलेल्या मातीसारखा वास यायला हवा, आणि त्यात गवताच्या काड्या ओळखू येऊ नयेत. अर्धकच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात. पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या. त्या मुळं खातात आणि रोप उभं असतानाच सुकतं. आमच्याकडे एकदा एका पोत्यातून मूठभर निघाल्या. तेव्हापासून खत आधी उन्हात पसरून चाळूनच घालतो.

शेणखत कमी पडलं तर सुका पाला, गिरिपुष्पाचा कोवळा पाला आणि भाताचा तूस घालता येतो. तूस हळू कुजतो, म्हणून माती उचलून धरायला चांगला. पण कच्चा तूस आणि लाकडाचा भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पानं फिकी पडतात. म्हणून तूस खताबरोबर महिनाभर ओला करून ठेवावा, किंवा लागवडीच्या बऱ्याच आधी मिसळावा.

आणि हे एकदाच करून संपत नाही. आपल्या दमट उष्ण हवेत खत झपाट्याने कुजून संपतं. पहिल्या वर्षी घातलेल्याचा मोठा भाग दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत दिसत नाही. दरवर्षी इंचभर थर घालत राहावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र ते खणून मिसळायची गरज नसते. वर पसरलं की गांडुळं खाली नेतात.

उंचवटा कशाला? माती सुधारली तर सपाट वाफा का चालणार नाही?

जुलैत कोकणातल्या भातजमिनीत पाण्याची पातळी जमिनीच्या अगदी वर येते. सगळी जमीन भरलेली असताना वाफ्यातली माती कितीही रवाळ असली, तरी पाणी उतरून जाणार कुठे? बाहेर पडायला जागाच नाही. म्हणून मुळांना वर नेणं, हाच एक उपाय उरतो.

याच कारणाने एक लोकप्रिय युक्ती मी नको म्हणतो: दोन फूट खड्डा खणून त्यात लाल माती आणि खत भरणं. चिकण जमिनीत असा खड्डा म्हणजे हौद. चारही बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडत नाही. चिकूची कलमं अशा खड्ड्यात मेलेली मी पाहिली आहेत. उपटल्यावर मुळं काळी पडलेली आणि सडक्या अंड्यासारखा वास. तळाशी खडी घालूनही उपयोग होत नाही. चिकण मातीतलं पाणी खडीच्या वर लटकून राहतं, माती पूर्ण भरल्याशिवाय खाली सुटतच नाही.

उंचवटा किती उंच, किती रुंद करायचा?

आमच्या 10 बाय 4 फुटांत एकच लांब उंचवटा बसतो: तळाला 3 फूट रुंद, माथ्याला दीड फूट. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट रुंद आणि सहा इंच खोल चर. चरातून निघालेली माती उंचवट्यातच जाते. बांधताना उंची सव्वा फूट ठेवा. माती बसते आणि खत कुजतं, म्हणून पहिल्या पावसानंतर नऊ-दहा इंच उरते. एवढी हवीच. तळाचे काही इंच चिकण मातीत ओल वर चढल्याने कायम भिजलेलेच राहतात, आणि रोपाला खरी हवेशीर जागा त्याच्या वरची मिळते.

चर बांधण्यात खरी मेहनत आहे, आणि लोक घाईत हेच सोडतात. चर बाहेर सुटला नाही तर तो फक्त पाण्याचा वेढा होतो. दहा फुटांत दोन इंच उतार पुरतो. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जसे पातळी बघतात तसं बघा. पाणी शेजाऱ्याच्या अंगणात किंवा विहिरीकडे जाणार नाही, याची आधी खात्री करा.

काम कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं?

वाफसा आल्यावरच. ओल्या चिकण मातीत कुदळ घातली तर ती पुन्हा चिखलणीच झाली. रवे मोडतात आणि त्याची भरपाई व्हायला वर्ष जातं. वाफसा ओळखायला मातीचा लिंबाएवढा गोळा करून बोटाने दाबा. चपटा झाला तर थांबा, फुटला तर सुरू करा. आपल्याकडे नोव्हेंबरच्या सुमारास हे दिवस येतात. सपाट जमिनीत थोडे उशिराही येतात. महिनाभरातच जमीन वाळून दगड होते, म्हणून रोज बघत राहावं लागतं.

वाफसा आला की मी आधी खालचा थर फोडतो. फूट-फूट अंतरावर पहार सव्वा फूट खोल घालायची, थोडी हलवायची आणि काढायची. माती उलटीपालटी करायची नाही. खालची राखाडी माती वर आणली तर काही महिने त्यावर काही धड उगवत नाही. भोकांत थोडं खत सोडायचं. मग वरची सहा इंच माती मोकळी करून त्यात 15 घमेली खत आणि असेल तेवढा तूस मिसळायचा, चर खणून ती माती वर घ्यायची, उंचवट्याला आकार द्यायचा आणि शेवटी माथ्यावर वाळूचं मिश्रण. दोन माणसांचं हे दोन दिवसांचं काम आहे. झाल्यावर त्यावर पाय ठेवायचा नाही, पुढच्या वर्षीही नाही.

त्या हिवाळ्यात लगेच वाल टाका. रायगडात भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल येतोच. त्याची मुळं उंचवट्यात वाटा करतात, नत्र धरतात, आणि काढताना मुळं आत ठेवून वरून कापलं की त्या वाटा तशाच राहतात. भाजीची खरी परीक्षा पुढच्या जूनमध्ये.

पावसात उंचवटा वाहून गेला तर?

उघडा ठेवला तर जाणारच. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत आमच्या उंचवट्याची एक बाजू चरात येऊन बसली होती. आपला पाऊस नुसता वाहून नेत नाही, थेंबांच्या माऱ्याने वरचे रवे फोडून त्यावर पापुद्रा चढवतो. मग त्या पापुद्र्याखाली बी गुदमरतं.

मेच्या अखेरीस सगळा उंचवटा पेंढ्याने तीन इंच झाका. बाजूंवर नारळाच्या झावळ्या आडव्या टाकून दगडाने दाबा. रोपं लावायची तेवढ्या जागीच पेंढा बाजूला करा. पेंढ्याखाली पावसात गोगलगाई लपतात, त्या संध्याकाळी वेचाव्या लागतात. तरीही पेंढा सोडू नका. बाजूंना गवती चहा लावला तर दुसऱ्या वर्षापासून उतार तोच धरून ठेवतो.

उन्हाळ्यात उंचवटा फार लवकर सुकतो. काय करू?

खरं आहे, उंचीची ती किंमत आहे. मार्च ते मे चर मधे मधे मातीच्या छोट्या बांधांनी अडवा आणि पाणी चरातच सोडा. चिकण माती ते वर ओढून घेते, जो गुण पावसात त्रास देतो तोच इथे कामाला येतो. पावसाच्या आधी बांध काढायला विसरू नका.

चुना घालू की जिप्सम?

न तपासता दोन्ही नको. एक साधी चाचणी घरी करता येते: मातीचा सुका खडा पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता दिवसभर ठेवा. खडा नुसता पसरला आणि पाणी स्वच्छ राहिलं, तर जिप्समने काही साधणार नाही. खड्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर सोडियमचा संशय घ्यावा. खाडीलगतच्या खारजमिनीत असं असतं, आणि तिथे जिप्समचा उपयोग होतो. चुना फक्त माती आम्ल असेल तरच, आणि ते माती परीक्षणाशिवाय कळत नाही. परीक्षणासाठी जिल्ह्याची मृदा चाचणी प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आपल्या जमिनींसाठीच केलेल्या असतात. भरतीचं पाणी जमिनीत येत असेल तर मात्र आधी ते अडवावं लागेल. त्याआधी घातलेलं सगळं वाया जातं.

सुधारणा होते आहे, हे कशावरून समजायचं?

रोपांच्या आधी माती सांगते. जोरदार पाऊस थांबल्यावर माथ्यावर पाणी किती वेळ चकाकतं ते बघा. आमच्याकडे पहिल्या वर्षी सपाट वाफ्यावर ते दुसऱ्या दिवशीही असायचं, आता पाऊस थांबून पाचेक मिनिटांत माथा मंद दिसतो. दुसरी खूण फावड्याची: ऑक्टोबरात एक फावडं माती काढून कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका. गुळगुळीत कडांची दोन-तीन मोठी ढेकळं झाली तर अजून वेळ आहे. ज्वारीच्या दाण्याएवढे रवे सुटले आणि त्यांतून पांढरी मुळं लोंबताना दिसली, तर उंचवटा जमला. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे तसं दिसलं. त्या पावसाळ्यात बारा मिरच्यांपैकी दहा जगल्या. गेलेल्या दोन चराच्या टोकापाशी होत्या, जिथे पाला अडकून पाणी तुंबलं होतं.